मदत हवी: अशिलाने साठ हजार लपवले, मार्क आमचे गेले

तिसरंवर्ष_लॉ
आमच्या कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात मुलाखतीची रंगीत तालीम होती. ज्युनिअर मुलगी अशील झालेली. केस साधी: मैत्रिणीला २ लाख उसने दिले, तिने चेक दिला, तो 'फंड्स इन्सफिशिअंट' म्हणून परत आला. आम्ही चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस पाठवायला सांगितली. नंतर सरांनी तिच्या भूमिकेची चिठ्ठी वाचली: चेक दिल्यावर मैत्रिणीने ६० हजार परत केलेत! 'अजून काही सांगायचंय का' असं मी तीनदा विचारलं होतं. ती नाही म्हणाली. यात आमची काय चूक? शुक्रवारी पुन्हा आहे, लवकर सांगा.

खटलेबाज
तारखा कोण देणार? चेक कधीचा, पैसे कधी आले, चेक कधी टाकला?

तिसरंवर्ष_लॉ
चेक १२ फेब्रुवारीचा, साठ हजार २० ला, चेक टाकला ३ एप्रिलला, परत ४ ला. मुलाखत २२ एप्रिल धरायची होती. नोटीस गेलेली नव्हती.

नाना_सातारकर
इतकं काय त्यात! नोटिशीत १ लाख ४० हजार मागा, झालं. माझ्या भाडेकरूचा चेक परत आला तेव्हा वकिलाने बाकीच मागितली होती. अजून तारखाच पडताहेत म्हणा.

खटलेबाज
नाना, तिथेच केस पडते. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल निकालात सांगितलंय: चेक दिल्यानंतर आणि टाकण्याआधी काही रक्कम मिळाली असेल तर तशी नोंद चेकवर करायला हवी, कलम ५६. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर त्या दिवशी तेवढं देणंच नव्हतं, म्हणून १३८ लागत नाही. नोटिशीत आकडा कमी केल्याने टाकलेला चेक बदलत नाही. आणि पूर्ण २ लाख मागितले असते तर समोरच्या वकिलाने बँकेचा उतारा पुढे केला असता आणि विषय संपला असता.

नाना_सातारकर
म्हणजे माझीही पडणार?

खटलेबाज
तुमच्याकडे पैसे चेक टाकायच्या आधी आले की नंतर, त्यावर आहे. तुमच्या वकिलांना विचारा.

क्लिनिकताई
मी अशी तालीम सहा वर्षं घेते. मुला, तीन गोष्टी सांग. 'किती येणं आहे' असं विचारलंस का? ती नेमकं काय म्हणाली? आणि खोलीत अजून कोण होतं?

तिसरंवर्ष_लॉ
विचारलं ना. ती म्हणाली, 'चेक दोन लाखांचाच आहे ना.' पासबुकाचं एकच पान आणलं होतं, बाकीचं नंतर आणते म्हणाली. नवरा झालेला मुलगा शेजारी बसला होता, पण त्याला संवादच नव्हते.

क्लिनिकताई
हे आधी सांगायचं! येणं किती विचारल्यावर तिने चेकचा आकडा सांगितला. तुझ्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं. तिथेच थांबून 'चेक दिल्यापासून आजपर्यंत तिच्याकडून काही आलं का? रोख, ऑनलाइन, कुणाच्या हातून?' असं विचारायला हवं होतं. 'अजून काही सांगायचंय का' याला माणूस नाहीच म्हणतो. साठ हजारांचं तिने काय केलं, चिठ्ठीत होतं?

तिसरंवर्ष_लॉ
भावाला दिले. नवऱ्याला माहीत नाही.

क्लिनिकताई
मग तो शेजारी असताना ती कशी बोलेल? त्याला संवाद नव्हते, कारण त्याचं काम नुसतं बसण्याचं होतं.

कायद्याचा_किडा
आधी गोपनीयता समजावून सांगा. साक्ष अधिनियमाचं जुनं १२६, आता नवीन कायद्यात १३२.

क्लिनिकताई
नवऱ्यासमोर?

अॅड_लातूर
मी तर अशिलाकडून लिहूनच घेतो, सगळं खरं सांगितलंय म्हणून. बार कौन्सिलच्या प्रात्यक्षिकात मुलाखतीची डायरी लागते, ती नीट लिहा.

क्लिनिकताई
लिहून घेतल्याने वकील वाचतो, केस नाही. त्यापेक्षा पासबुक येईपर्यंत नोटीस रोखायची. मुदत ४ मेपर्यंत होती, घाई नव्हती.

तिसरंवर्ष_लॉ
मग कळल्यावर सल्ला काय द्यायचा होता?

खटलेबाज
चेक तीन महिने चालतो, म्हणजे १२ मेच्या आसपासपर्यंत. त्याआधी मैत्रिणीकडून बाकीचा नवा चेक घ्यायचा, किंवा याच चेकवर नोंद करून पुन्हा टाकायचा. नाहीच जमलं तर बाकीसाठी दिवाणी दावा.

अॅड_लातूर
नोंद कागदावर ठीक. हल्ली चेकचा फोटो जातो, खाडाखोड दिसली की बँक परत करते.

खटलेबाज
मागच्या बाजूची नोंद म्हणजे खाडाखोड नव्हे.

अॅड_लातूर
ते माझ्या शाखेच्या मॅनेजरला समजावा, मी थकलो.

तिसरंवर्ष_लॉ
शुक्रवारी अशिलाबरोबर सासू आहे म्हणे. तिला उठवायचं कसं? उद्धटपणा वाटेल.

क्लिनिकताई
सुरुवातीलाच सांग, 'आमच्याकडे पहिली पंधरा मिनिटं अशिलाशी एकट्याशीच बोलतात, सगळ्यांनाच तसं आहे.' तुम्ही दोघं असता ना? जोडीदाराने आजींना बाहेर नेऊन पत्ता, फोन लिहून घ्यायचा. संशय आल्यावर मधेच उठवलंस तर घरी गेल्यावर सुनेला त्रास.

नाना_सातारकर
माझे तेरा हजार आधीच आले होते हो. आता काय करू?