मदत हवी आहे: फी थकबाकीच्या पत्रांत काही मुलांची रक्कम 0 येते

कार्यालय_खिडकी: नमस्कार मंडळी. मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात आहे. एक्सेलमध्ये फीचं शीट आहे (नाव, इयत्ता, पालक, बाकी, मुदत). ते वर्डच्या पत्राला मेल मर्जने जोडलं. बहुतेक पत्रं बरोबर, पण काहींत "आपल्याकडे रु. 0 बाकी आहे" असं येतं. शीटमध्ये त्याच मुलाची बाकी 2500/- दिसते. शिवाय 10 जुलैची मुदत 7/10/2025 अशी छापली जाते. परवा पालकसभेत पत्रं वाटायची आहेत, कृपया सांगा.

मास्तर७२: सोपं आहे ताई. बाकीचा कॉलम निवडून Number फॉरमॅट द्या.

कार्यालय_खिडकी: दिला सर. काहीच फरक नाही.

हिशेबनीस: नुसत्या फॉरमॅटने मजकुराचा आकडा होत नाही. "2500/-" हा एक्सेलच्या लेखी मजकूर आहे. वर्ड वरच्या काही ओळी पाहून कॉलम आकड्यांचा की मजकुराचा ते ठरवतं. तुमच्या वरच्या ओळींत नुसते आकडे असणार, म्हणून खाली कुठे "/-" किंवा "पूर्ण भरली" आलं की तिथे 0 पडतो. बाकी F कॉलममध्ये आणि मुलं 215 व्या ओळीपर्यंत आहेत असं धरून रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=COUNTA(F2:F215)-COUNT(F2:F215)
```

जितकं उत्तर, तितक्या सेल आकडा नसलेल्या. कॉलम General करा, Ctrl+H ने "/-" च्या जागी काहीच न भरता Replace All करा. "पूर्ण भरली", "आरटीई" असे शेरे वेगळ्या कॉलममध्ये हलवा. उत्तर 0 आलं की शीट सेव्ह करून बंद करा आणि पत्र पुन्हा उघडा.

हे झाल्यावरच Edit Recipient List मध्ये "बाकी Greater than 0" हा फिल्टर लावा. आधी लावलात तर 2500/- वाली मुलं गुपचूप गळतील, आणि त्यांना पत्रच गेलं नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तारखेसाठी शेजारी नवा कॉलम करा आणि पत्रात तोच घाला:

```
=TEXT(G2,"dd/mm/yyyy")
```

सुमन_वाई: आमच्याकडे तर नावंच अगम्य चिन्हांत येतात! शीट जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं आहे.

हिशेबनीस: सुमनताई, तुमचं दुखणं वेगळं. आधी नावं युनिकोडमध्ये करून घ्यावी लागतील. नवा धागा काढा, तिथे बोलू.

कार्यालय_खिडकी: उत्तर 19 आलं! त्यातले 6 आरटीईचे होते, त्यांच्या घरी बाकीचं पत्र गेलं असतं तर फार वाईट झालं असतं. आता रक्कम आणि तारीख दोन्ही बरोबर येतात. एकच राहिलं: सख्ख्या भावंडांच्या पालकांना दोन पत्रं निघतात. एकाच पत्रात दोघांची बाकी येईल का?

मास्तर७२: पिव्होट करून बघा.

हिशेबनीस: पिव्होटने बेरीज मिळेल, पण दोघांची नावं एका ओळीत येणार नाहीत. पालकांचा मोबाइल नंबर दोन्ही ओळींत तंतोतंत सारखा आहे का, ते आधी पाहून सांगा.