मॅकरॉनसाठी अंड्याचं पांढरं शिळं करणं: खरा फायदा की नुसतं कर्मकांड?

तन्वी_ठाणे:
क्लासमध्ये सांगितलं होतं की पांढरं आदल्या दिवशी वेगळं करून 24 तास ओट्यावर ठेवायचं, नाहीतर मॅकरॉनला पाय, म्हणजे खालच्या कडेची खडबडीत झालर, येत नाहीत. मे महिन्यात ठाण्यात 24 तास ओट्यावर? मी घाबरून फ्रीजमध्ये ठेवलं, तरी पाय आले. मग शिळं करण्याचा उपयोग नक्की काय होतो? मेरँगलाही तेच लागतं का?

बेकरवाडी:
उपयोग होतो, शंभर टक्के. ठेवल्यावर पांढऱ्यातली प्रथिनं सैल पडतात. ती पटकन उलगडतात, म्हणून फेस भराभर चढतो आणि मजबूत होतो. मी सहा वर्षं ऑर्डरी घेतेय, ताजं पांढरं कधीच वापरत नाही. पॅरिसचा पियेर एर्मेसुद्धा पांढरं आधी काही दिवस ठेवून पातळ करून घ्यायला सांगतो. तो काय वेडा आहे?

अरुणकाका:
बेकरवाडी, तुमचं अर्धं बरोबर आहे. भराभर चढतो, हे खरं. मजबूत होतो, हे उलटं आहे.

अंडं ताटलीत फोडून बघा. ताजं असेल तर पिवळ्याभोवती घट्ट, जेलीसारखी गादी उभी राहते आणि तिच्या बाहेर थोडंसं पाणचट पांढरं पसरतं. आठवडाभर जुन्या अंड्याची गादी बसलेली असते आणि सगळंच ताटलीभर पळतं. ही गादी ज्या प्रथिनाच्या जाळीने उभी असते, ती जाळी काळाबरोबर सुटते. ताज्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो कवचाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो. तो गेला की पांढऱ्याचा पीएच साधारण 7.6 वरून काही दिवसांत 9 च्या वर चढतो आणि जाळी ढिली पडते. अंडं फोडून वाटीत ठेवलं तर वायूला कवचाचीही आडकाठी नाही, म्हणून हे आणखी लवकर होतं.

पातळ द्रवात बीटर सहज फिरतो, हवा पटकन शिरते, म्हणून फेस लवकर आणि जास्त फुगतो. पण घट्टपणा गेला की बुडबुड्यांमधलं पाणीही लवकर खाली गळतं. जुन्या पांढऱ्याचा साखर न घातलेला फेस वाडग्यात अर्धा तास ठेवा, तळाशी पाणी जमलेलं दिसेल. ताज्याचा फेस चढायला वेळ घेतो, पण टिकतो. साध्या मेरँगला म्हणूनच मी ताजं पांढरं घेतो आणि दोन मिनिटं जास्त फेटतो.

सौ_कुलकर्णी:
शिळी अंडी उकडायला फार छान हो. ताजी उकडली की टरफलाबरोबर अर्धं पांढरं सोलून निघतं. मी अंडी आणल्यावर आठ दिवस तशीच ठेवते. पण शिळं पांढरं खाऊन पोट बिघडणार नाही का?

अरुणकाका:
कुलकर्णी वहिनी, प्रश्न उकडण्याचा नव्हता, पण तुम्ही नेमका पुरावा दिलात. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटतं, पीएच चढला की सुटतं. सोलणं सोपं होतं त्याच कारणाने पांढरं पातळही होतं.

आणि यातून तन्वीच्या प्रश्नाचा मोठा भाग सुटतो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात अंड्यांचे ट्रे फ्रीजबाहेर असतात. पोल्ट्रीतून निघून, टेम्पोतून येऊन, दुकानात दोनतीन दिवस उकाड्यात राहिलेलं अंडं तुम्ही फोडायच्या आधीच 'शिळं' झालेलं असतं. गरमीत हा बदल फ्रीजपेक्षा कितीतरी वेगाने होतो. फ्रान्समधल्या मिठाईवाल्याची कृती जशीच्या तशी ओट्यावर आणायची गरज काय?

बेकरवाडी:
काका, शास्त्र ठीक आहे, पण माझे मॅकरॉन ताज्याने फसतात आणि ठेवलेल्याने जमतात, हे मी डोळ्यांनी बघते. घोल सैल पडतो, पसरतो, टोकं बसून चपट्या टिकल्या होतात. ठेवलेल्या पांढऱ्याने असं होत नाही. फेस कमजोर असता तर उलट झालं असतं ना?

डोंबिवलीचा_ओव्हन:
बेकरवाडी, तुमचं पांढरं झाकलेलं असतं की उघडं?

बेकरवाडी:
वाटीवर क्लिंग फिल्म, तिला सुईने भोकं. फ्रीजमध्ये तीन दिवस.

डोंबिवलीचा_ओव्हन:
मग ऐका. हाच वाद माझ्या घरी झाला होता आणि मी एक रविवार घालवला.

एकाच ट्रेमधली अंडी. पहिल्या वाटीत त्याच दिवशी फोडलेलं 70 ग्रॅम पांढरं. दुसऱ्यात तीन दिवस आधी फोडलेलं 70 ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात. तिसऱ्यात तेवढंच, पण भोकं पाडलेल्या फिल्मखाली. फेटायच्या आधी पुन्हा वजन केलं. डब्यातलं 70 च्या 70. भोकवाल्याचं 65.

पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर पाणी, उडून गेलं. पांढऱ्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं, तेव्हा जे उडतं ते पाणीच.

प्रत्येकात 63 ग्रॅम बारीक साखर, 90 ग्रॅम बदामाची पूड, 90 ग्रॅम आयसिंग शुगर. शिळी दोन्ही ताज्यापेक्षा लवकर फेटली गेली, दोघांत फार फरक नाही. साखर पूर्ण गेल्यावर तिन्ही फेस चकचकीत आणि टोक उभं राहील असे झाले. फरक दिसला घोलात. ताजा आणि डब्यातला घोल स्पॅच्युलावरून पट्टीसारखा पडायला सारख्याच वेळा परतावा लागला. भोकवाला घट्ट होता, जास्त वेळा परतावा लागला, आणि तरी पायपिंगनंतर वरची टोकं पूर्ण बसली नाहीत, ट्रे दोनदा ओट्यावर आपटावा लागला. पाय तिन्हींना आले.

मग चौथा घाणा केला: भोकवाल्या 65 ग्रॅममध्ये 5 ग्रॅम पाणी परत घातलं. तो डब्यातल्यासारखाच वागला.

म्हणजे माझ्या ओट्यावर तरी फरक पांढऱ्याच्या वयाचा नव्हता, पाण्याचा होता. बेकरवाडींचा घोल सैल पडत नाही, कारण त्यात पाणी कमी असतं. तुम्ही वजन ठेवायच्या आधी करता की नंतर?

बेकरवाडी:
आधी. फोडताना वजन करून वाटी ठेवून देते. हं.

अरुणकाका:
प्रयोग आवडला, पण एक खोट काढतो. घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्याबरोबर वायूही कोंडला जातो. म्हणजे तुमची दुसरी वाटी 'पाणी न गेलेली, पण पुरती शिळी' असेलच असं नाही, अर्धवट शिळीच असेल. लवकर फेटली गेली म्हणजे थोडी पातळ झाली होती, इतकंच. शिवाय तुमच्या ट्रेमधली अंडी पोल्ट्रीतून कधी निघाली होती, देव जाणे. 'ताजी' वाटी कदाचित आधीच म्हातारी असेल.

डोंबिवलीचा_ओव्हन:
मान्य. त्याच सकाळची अंडी मिळवायला मला कोंबडीच पाळावी लागेल आणि सोसायटी मला हाकलेल.

बेकरवाडी:
पण मग एर्मेचं काय? तो तर इटालियन पद्धतीने करतो. 118 अंशांचा पाक फेसात ओतला की फेस तसाच घट्ट बसतो. वयाचा संबंधच नसेल तर तो कशाला सांगेल?

अरुणकाका:
हा मुद्दा जोरदार आहे. पाकाने फेसाला आधार मिळतो, तिथे वयाचा फरक कमी व्हायला हवा. पण त्या पद्धतीत निम्मं पांढरं फेटतच नाहीत, ते कच्चंच बदाम-साखरेत कालवतात. घट्ट गादीचे गोळे त्या कोरड्या पुडीत नीट मिसळत नाहीत, पातळ पांढरं मिसळतं. शिवाय तिथलं पाणी थेट घोलात जातं. माझा अंदाज असा की त्याला पांढरं पातळ हवंय ते मोजायला आणि कालवायला सोपं म्हणून. खात्री मला नाही. गादी मोडायची असेल तर पांढरं काट्याने हलकं फेटून गाळणीतून काढलं तरी ते काम दोन मिनिटांत होतं.

मडगावची_फिलो:
मी जरा वेगळं सांगते. नाताळात बेबिंक केलं की डझनावारी पिवळं लागतं आणि पांढरं उरतं. मी ते फ्रीजरमध्ये टाकते, डब्यावर किती पांढरी आहेत ते लिहून. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवते. वितळल्यावर ते पाण्यासारखं पातळ असतं आणि मस्त फेटतं. एकच काळजी: पिवळ्याचा थेंब गेला असेल तर फेस चढत नाही, मग किती का जुनं असेना. बेबिंक करताना घाईत हमखास जातो. चिमटीने नाही, फुटलेल्या कवचाच्या कडेने तो थेंब काढायचा.

तन्वी_ठाणे:
मग मी चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर घालते ते बरोबर की चूक? शिळं केल्याने पीएच वर जातो म्हणालात आणि हे तर खाली आणतं.

अरुणकाका:
बरोब्बर पकडलंस. वय पीएच वर नेतं, टार्टर किंवा लिंबू खाली आणतं. आंबटपणामुळे फेसातली प्रथिनं एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत, म्हणून जास्त फेटलं तरी फेस दाणेदार होऊन पाणी सोडायला वेळ लागतो. त्यामुळे शिळ्या पांढऱ्यात टार्टर घातलं की वयाने आलेला अल्कलीपणा आपण पुसतो, पण ढिली पडलेली गादी काही परत घट्ट होत नाही. पातळपणाचा फायदा राहतो आणि टिकाऊपणाची कसर थोडी भरून निघते. घाल. एका पांढऱ्याला पाव चमच्याचा अर्धा पुरे.

ओट्यावर मात्र नको. पांढऱ्यात जंतूंना अडवणारी प्रथिनं असतात हे खरं, पण अडवणं आणि मारणं यात फरक आहे, आणि मेमधलं ठाणं म्हणजे मोठी परीक्षा. कुलकर्णी वहिनींना हेच उत्तर. फ्रीजमध्ये ठेव आणि फेटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ.

बेकरवाडी:
मी ठेवणार ते ठेवणारच. पण उद्या फेटायच्या आधी वजन करून बघते. आणि काका, तुम्ही मेरँगला ताजं म्हणता, ते मला अजून पटलेलं नाही. पावसाळ्यात माझ्या मेरँगला खालून पाक सुटतो, ताजं घेतलं तरी.

डोंबिवलीचा_ओव्हन:
तो पाक बहुतेक न विरघळलेल्या साखरेचा. फेस बोटांत चोळून बघा, कण लागले तर अजून फेटा. पावसाळ्यात साखर एकदम ओतू नका, चमच्याचमच्याने.

बेकरवाडी:
कण लागत नाहीत. बघितलंय.

अरुणकाका:
मग ओव्हनचं तापमान आणि किती वेळ ठेवता ते लिहा.