मदत हवी आहे: तक्रार निवारण अधिकाऱ्याचा खरा पत्ता कुठे सापडेल?

आईसाठी एका ब्रँडच्या वेबसाइटवरून मिक्सर मागवला, भांडुपला घरी आला तो फुटलेलाच. गुगलवर मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन केला, तर समोरचा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगू लागला. मी लगेच फोन ठेवला. आई अजून घाबरलेली आहे.

आता फक्त अधिकृत कागद बघते आहे. बिलावर ब्रँडऐवजी वेगळ्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव आणि २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आहे. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर कंपनी मास्टर डेटामध्ये टाकल्यावर नोंदणीकृत पत्ता आणि ईमेल मिळाला, पण तो कंपनीचे कागदपत्र भरणाऱ्या कुणा सल्लागाराचा वाटतो. खोक्यावरच्या लेबलवरचा तक्रारीचा फोन लागत नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो, आणि त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. इथे तळाशी नुसता चॅट आहे. अटी-शर्ती किंवा प्रायव्हसी पॉलिसीच्या पानात ही माहिती कुणाला सापडली आहे का? नाहीच मिळाली, तर नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलेली तक्रार ग्राहक आयोगात धरतात का? अनुभव असेल तर कृपया सांगा.