मदत हवी आहे: खोलीच्या रीलमध्ये खर्च आणि मुदत कशी सांगावी?

खारावारा (धागाकर्ता): रत्नागिरीजवळच्या जांभ्याच्या जुन्या घरातील एका शयनगृहाची अंतर्गत सजावट मी नुकतीच पूर्ण केली असून, आधीची आणि नंतरची खोली दाखवणारी रील उद्या टाकायची आहे. तीवर ‘खर्च अडीच ते साडेतीन लाख, मुदत ३५ दिवस’ असे लिहिले, तर घरमालकांनीच हे आकडे फसवे असल्याचे कळवले. आकडे माझ्या वहीतलेच आहेत. कृपया लवकर सुचवावे.

चिरेबंदी: खोली केवढी, रकमेत काय काय धरले आणि दिवस कधीपासून मोजले?

खारावारा: दहा बाय बारा. कपाट, पलंग, छत, वायरिंग, रंग आणि पश्चिमेच्या ओल्या भिंतीचा नवा गिलावा मिळून माझे बिल ३ लाख १० हजार झाले. त्यात गिलाव्याचे ४५ हजार आहेत. एसी आणि गादी मालकांनी स्वतः ६५ हजारांना आणली. दिवस अर्थातच सुतार आल्यापासून मोजले.

माडाची_सावली: आकडे देऊच नयेत. ‘इनबॉक्समध्ये विचारा’ एवढे पुरते, मी तेच करते.

चिरेबंदी: मग ती प्रामाणिक रील कसली? धागाकर्ते, रीलमध्ये एसी आणि गादी दिसत असेल, तर दिसणाऱ्या खोलीचा खर्च पावणेचार लाख होतो. भिंत कोरडी असती आणि या दोन वस्तू नसत्या, तर तीच खोली २ लाख ६५ हजारांत झाली असती. पट्ट्याची दोन टोके ही. प्रत्येक टोकाशी त्याचे कारण लिहावे. सुताराच्या आधी किती काळ गेला?

खारावारा: आराखडा आणि लॅमिनेट ठरवण्यात दोन आठवडे, गिलावा वाळण्यात तीन.

चिरेबंदी: म्हणजे मुदत दहा आठवडे झाली.

बंदरकाठ: डॅम्पप्रूफ रंग लावला असता, तर ते तीन आठवडे वाचले असते. आमच्या दापोलीच्या घरी तसेच केले.

चिरेबंदी: ओल बाहेरून झिरपत असेल, तर तो रंग आतून लावून ती थांबत नाही; क्षार साठून पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर रंगकामाची वेळ आलेली नाही.

बंदरकाठ: आमचा रंग दोन वर्षे टिकून आहे. बाकी, रीलला संगीत कोणते लावणार?

फ्रेमवाला: आधीचे चित्रण रात्री ट्यूबलाइटमध्ये आणि नंतरचे दुपारी वाइड लेन्सने केले असेल, तर खोली उगीच मोठी भासते. दोन्ही एकाच कोपऱ्यातून, एकाच लेन्सने हवीत.

खारावारा: खर्चाचे पटले. पण दहा आठवडे लिहिले, तर फोन कोण करील?

चिरेबंदी: ‘सुतारकाम ते रंग ३५ दिवस, आधीची निवड आणि ओल्या भिंतीची दुरुस्ती पाच आठवडे’ असे फोडून लिहावे, कोरड्या भिंतीच्या ग्राहकाला आपले दिवस त्यातूनच कळतील. आणि बिलात जीएसटी धरला आहे की नाही, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.