बर्ड ऑफ पॅराडाइज: कुंडीत पानं दांडगी, फुलाचा पत्ता नाही. अनुभव लिहा

गोडोलीकर (सातारा)
जिन्याच्या कोपऱ्यात सिमेंटची मोठी कुंडी आहे. पानं माझ्या छातीला लागतात, बघणारा म्हणतो काय झाड आहे! पण फूल एकही नाही. शेणखत देते, पावसाळ्यात मूठभर युरियाही टाकते. ज्यांच्याकडे कुंडीत फुललंय त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर लिहा. जमिनीतल्या झाडांचं कौतुक नको.

कृष्णाकाठ (सांगली, विश्रामबाग)
ताई, आधी युरिया बंद करा. त्यात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे तुम्ही पानांनाच जेवू घालताय. पण खरं दुखणं बहुतेक जिन्याचा कोपरा आहे. पानाचा देठ बघा. देठ लांबलचक, बारीक आणि उजेडाकडे कललेला असेल तर ऊन कमी पडतंय. पुरेशा उन्हातलं झाड बुटकं राहतं, देठ जाड आणि ताठ, पान लहान पण चामड्यासारखं. दिसायला तुमच्या झाडापेक्षा डावंच.

माझं झाड हिरव्या जाळीखाली असंच माजलं होतं. पावसाळा संपताना त्याला जाळीतून काढलं. आधी फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू सरकवत दुपारी दोनपर्यंतचं. एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलंत तर पानांवर पांढरट-तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. जुनी पानं तशीच राहिली, नवी आली ती आखूड देठाची. त्यावरून कळलं की लागू पडलंय. पण त्या हिवाळ्यात काही आलं नाही, फूल दिसलं ते पुढच्या थंडीत. याचं कारण असं, की कळी पानाच्या बगलेत आतच तयार होते आणि बाहेर यायला कित्येक महिने घेते. सावलीत वाढलेल्या पानाच्या बगलेत काही धरलेलंच नसेल, तर आता ऊन दाखवून ते येणार कुठून?

बागायतदार_तासगाव
आमच्या द्राक्षातही हाच हिशोब. खरड छाटणीनंतर काडीला ऊन मिळालं नाही की घड कमी. 0:52:34 लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. आणि पाण्याचा ताण द्या, झाड घाबरून फुलतं.

कृष्णाकाठ
दादा, उन्हाचं अगदी बरोबर. खत चालेल, पण सावलीत ते खत फूल काढणार नाही. ताणाचं मात्र मला पटत नाही. याची मुळं जाड, गाजरासारखी असतात. झाड त्यांच्यावर बरेच दिवस काढतं, फक्त पानं मिटून घेतं आणि कडा वाळतात. माझ्याकडे ताणाने फूल आलेलं नाही. हिवाळ्यात पाणी कमी लागतं, तेवढंच.

कराडची_सुमन
आमच्याकडे तर पावसाळ्यात भरभरून येतात, केशरी, ओळीने लोंबतात! काही करत नाही मी.

कृष्णाकाठ
सुमनताई, लोंबतात म्हणजे ती हेलिकोनिया. रोपवाटिकेत दोन्ही एकाच नावाने खपवतात. खऱ्याचं फूल आडव्या चोचीतून वर उभं राहतं: केशरी पाकळ्या आणि मधे निळा बाण.

पाचगणीवाला
आमच्या अंगणातल्या कुंडीत दरवर्षी येतं. कुंडी मुळांनी इतकी गच्च भरलीय की बोट जात नाही. एकदा शेजाऱ्यांसाठी मी गड्डा फोडून दिला, तर त्यांच्याकडचा आणि माझाही दोन हंगाम रुसला. तेव्हापासून कुंडी बदलत नाही, वरची माती तेवढी खरवडून कंपोस्ट घालतो. पण इकडच्या गार रात्रीही कारण असतील. सांगलीच्या उकाड्यात कळ्या आतच जळतात असं ऐकलंय.

कृष्णाकाठ
असेल तसं. माझ्याकडे मार्चनंतर क्वचितच येतं. पण त्यात ऊन किती, गारवा किती, हे मला सांगता येणार नाही.

गोडोलीकर
देठ लांबच आहेत हो, एक तर रेलिंगला टेकलाय! गच्चीवर हलवते. पण मागच्याच पावसाळ्यात मोठ्या कुंडीत बदललंय, आणि कोंब मातीत खोल गेलाय असं वाटतं. रोप बीचं होतं, केवढ्या वयाचं ते माहीत नाही.

कृष्णाकाठ
बीचं असेल तर चार-पाच वर्षं सहज जातात. कोंबाभोवतीची माती हाताने बाजूला करा, मुळांचे खांदे जरा उघडे दिसू देत. पण आता पुन्हा उपसू नका, मुळांना नवी कुंडी भरू द्या. एक बघा: खोडाला खोडासारखी उंची येत चाललीय का, आणि पानं केळीसारखी रुंद आहेत का? तसं असेल तर ते पांढऱ्या फुलाचं, राक्षसी जातीचं असेल. ते जमिनीत पाच-सहा मीटर जातं. कुंडीत त्याची आशा धरू नका.

गोडोलीकर
पानं रुंद आहेत खरी. खोड पानांच्या गर्दीत दिसत नाही. उद्या उजेडात बघून लिहिते, फोटोही टाकते.

बागायतदार_तासगाव
फोटो देठाचा घ्या, पानांचा नको.