ग्रुपवरच्या बडबडीचा एकच मेल करावा का? (गळती, सहावा मजला)

गळकं छत:
बाथरूमचं छत गळतंय. विंगच्या ग्रुपवर तीन दिवस लिहितोय. सेक्रेटरी आता म्हणतात, "सगळं एका मेलमध्ये लिहून पाठवा." वर सगळं आहे की! परत कशाला लिहायचं? आणि लिहायचंच तर यातलं काय लिहू? माझे मेसेज असे आहेत:

> कमिटीतलं कोणी आहे का
> परत सुरू झालंय
> (अकरा फोटो)
> मागच्या पावसाळ्यात पण हेच, तेव्हाही कोणी फिरकलं नाही
> मेंटेनन्स मात्र वेळेवर हवा
> सकाळी जास्त असतं, दुपारी थांबतं
> ७०२ ला फोन केला, ते म्हणतात आमचं नाही
> आणि ते गावाला आहेत, शनिवारी येणार
> डक्टमधला पाईप तर नसेल?
> गीझरच्या स्विचपर्यंत ओल आलीये
> प्लंबर उद्या येतो म्हणाला
> नाहीतर परवा
> बघा काय ते

पेठी:
अजिबात लिहू नका. ही सगळी टोलवाटोलवी आहे. ग्रुपवर वेळ आहे, तारीख आहे, फोटो आहेत, शिवाय विंगमधले चाळीस जण साक्षीला. मेल केलात की तो एका माणसाच्या इनबॉक्समध्ये पडणार आणि सेक्रेटरी म्हणणार, पाहिलाच नाही. ग्रुपवरचा दबाव हेच तुमचं हत्यार आहे.

माजी सचिव:
सहा वर्षं हे पद सांभाळलंय, तेव्हा पलीकडून काय दिसतं ते सांगतो. तुमचे तेरा मेसेज सलग नव्हतेच. मध्ये कुणाच्या नातवाचा वाढदिवस, लिफ्टची तक्रार, सुप्रभात. मी ऑफिसात. संध्याकाळी वर सरकवत गेलो तर शेवटचं वाक्य हाती लागायचं "बघा काय ते". काय बघू? कमिटीच्या मीटिंगमध्ये मला कागद ठेवावा लागतो. मेलची प्रिंट ठेवता येते, ग्रुपची कशी ठेवणार? ही टोलवाटोलवी नाही, पगार न घेता काम करणाऱ्या माणसाची सोय आहे.

पेठी:
सोय त्यांची, कष्ट रहिवाशाचे. छान.

शिसपेन्सिल:
मेलच करा, कारण कोर्टात मेल चालतो, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही.

कारकून:
हे अर्धंच खरं. दोन्ही इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे छापील प्रत दाखल करताना प्रमाणपत्र लागतं, मेलला आणि चॅटलाही. आधी हेच जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होतं. तेव्हा कोर्टासाठी मेल हे कारण सोडा. छताच्या गळतीसाठी कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणून मेल.

आता गळकं छत यांच्या तेरा ओळींबद्दल. त्यांत तीन प्रकारची वाक्यं मिसळली आहेत: डोळ्यांनी पाहिलेलं, मनातला अंदाज आणि राग. मेलमध्ये पाहिलेलं राहू द्या आणि बाकीचं गाळा. फक्त गाळण्याआधी एक प्रश्न विचारतो. ७०२ वाले गावाला कधी गेले?

गळकं छत:
सोमवारी रात्री. का?

कारकून:
आणि मंगळवारी सकाळी गळलं?

गळकं छत:
हो. मंगळवारी आणि आज बुधवारी पण. सोमवारी सुरू झालं तेव्हा मात्र ते घरी होते.

कारकून:
मग हा तुमच्या सगळ्या मेसेजमधला सर्वांत कामाचा भाग आहे, आणि तो "शनिवारी येणार" या तक्रारीत दडला होता. वर बाथरूम वापरणारं कोणी नसताना खाली थेंब पडतायत. म्हणजे त्यांच्या अंघोळीचं पाणी फरशीतून झिरपतंय हा पहिला संशय बराच कमजोर झाला.

शिसपेन्सिल:
सरळ आहे मग. सकाळी गळतं, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या अंघोळीची वेळ. डक्टमधला सामाईक ड्रेनेज पाईप. तसं लिहून टाका आणि खर्च सोसायटीवर. उपविधीत आहेच, बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-सिंकची त्या त्या सदस्याने.

कारकून:
उपविधीचं बरोबर. निदान मात्र घाईचं. तुमच्याकडे पाणी चोवीस तास असतं का?

गळकं छत:
नाही हो. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी थोडा वेळ.

कारकून:
बघा. पाणी चोवीस तास असतं तर भिंतीतली पुरवठ्याची लाईन दिवसभर गळली असती आणि तिला वगळता आलं असतं. तुमच्याकडे सकाळीच पाणी येतं, त्यामुळे ७०२ च्या भिंतीत फुटलेला पाईपही सकाळीच गळेल. नळ कोणी उघडो न उघडो, लाईनमध्ये दाब येतोच. तेव्हा "डक्टचा पाईप" असं मेलमध्ये लिहू नका. उद्या ते ७०२ चं निघालं तर कमिटी म्हणेल, तुम्हीच सांगितलं होतं. निष्कर्ष कमिटीचा प्लंबर काढेल, तुम्ही त्याला ज्यावरून कळेल तेवढं द्या.

रात्रपाळी:
आमच्याकडे ऑफिसात हेच. अमेरिकेतला मॅनेजर रात्री पंधरा मेसेज टाकतो, सकाळी मी त्याचा मेल करून परत त्यालाच पाठवते, "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?" सगळ्यांत जास्त घोळ "उद्या" या शब्दाचा. त्याचा उद्या आणि माझा उद्या वेगळे. त्याच्याशी कसं बोलावं कोणी सांगेल का?

कारकून:
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण "उद्या" इथेही आहेच. "प्लंबर उद्या येतो, नाहीतर परवा" हे रात्री साडेबाराला लिहिलं असेल तर उद्या म्हणजे कोणता दिवस? मेलमध्ये वार आणि तारीख घालायची. वेळा शोधायला चॅट एक्स्पोर्ट करा, प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ येते. पण त्या फाइलमध्ये कोणत्या मेसेजला उत्तर दिलं होतं ते दिसत नाही. नुसतं "हो, तेच" उरतं. म्हणून ग्रुप शेजारी उघडा ठेवा.

माझा मसुदा. ७०२ ची संमती आणि व्हॉल्व्ह डक्टमध्ये आहे हे दोन्ही मी गृहीत धरलंय, आधी खात्री करून घ्या.

> विषय: ६०२ बाथरूम गळती: गुरुवारी संध्याकाळी ७०२ ची लाईन बंद करून तपासणी व्हावी
>
> सचिव महोदय,
>
> सोसायटीच्या प्लंबरने गुरुवार १२ जूनला संध्याकाळचं पाणी गेल्यावर ७०२ चा व्हॉल्व्ह डक्टमधून बंद करावा आणि शुक्रवारी सकाळी ८ वाजता ६०२ मध्ये येऊन पाहावं, ही विनंती. ७०२ च्या मालकांनी फोनवर होकार दिला आहे.
>
> आमच्या बाथरूमच्या छतातून डक्टकडच्या कोपऱ्यात सोमवार ९ जूनपासून पाणी गळतं. सकाळी पाण्याच्या वेळेत वाढतं, दुपारी थांबतं. ७०२ चे रहिवासी सोमवारी रात्रीपासून बाहेरगावी आहेत, तरी मंगळवारी आणि बुधवारी सकाळी गळती झाली. मागच्या पावसाळ्यातही याच कोपऱ्यात गळलं होतं.
>
> प्लंबर येणार का, ते गुरुवारी दुपारी २ पर्यंत कळवावं. दोन फोटो आणि एक व्हिडिओ जोडला आहे.

व्हॉल्व्ह बंद असूनही शुक्रवारी गळलं, तर ७०२ ची पुरवठ्याची लाईन जवळपास सुटली आणि डक्ट उघडायचा. थांबलं, तर उलट. एका सकाळीत बरंच कळेल, शनिवारची वाट पाहायला नको.

माजी सचिव:
असा मेल आला असता तर मी वाचता वाचता प्लंबरला फोन लावला असता. मागणी पहिल्या ओळीत आहे, आणि मला फक्त हो किंवा नाही म्हणायचंय. बहुतेक लोक आधी इतिहास सांगतात आणि मागणी तळाशी ठेवतात, तिथपर्यंत फोनवर कोण पोहोचतो?

पेठी:
चांगला आहे, पण स्विच कुठे गेला? तेरा ओळींत जिवाशी खेळ असलेली ती एकच ओळ होती, आणि इतक्या जाणकार माणसाने नेमकी तीच गाळली. मी म्हणतो ते हेच. आटवताना काय टाकायचं हे लिहिणारा ठरवतो. मूळ मेसेजमध्ये ती ओळ कोणालाही दिसली असती.

कारकून:
मुद्दाम गाळली. ती मेलची बाब नाही, आत्ताची आहे. गीझरचा एमसीबी आत्ता पाडा, इलेक्ट्रिशियन बघेपर्यंत वर करू नका. ओल्या हाताने स्विचला शिवू नका. यासाठी उत्तराची वाट बघत बसलात तर मेलचा काय उपयोग?

पेठी:
बंद करायचाच. पण कमिटीला कळायला नको? ओल विजेपर्यंत गेली हे वाचल्यावर जी निकड येते ती "गळतं" याने येत नाही. एक वाक्य घाला: "ओल स्विचपर्यंत आल्याने गीझर बंद ठेवला आहे."

माजी सचिव:
पेठींशी सहमत, चक्क. हे वाक्य वाचून मी सकाळचं काम दुपारवर ढकललं नसतं.

कारकून:
ठीक. "गळती झाली"च्या पुढे घाला. राग नाही, घडलेली गोष्ट आहे, बसेल.

गळकं छत:
एमसीबी पाडला. ७०२ ला फोन केला, व्हॉल्व्ह बंद करायला हरकत नाही म्हणाले. पण म्हणाले, झाडांना पाणी घालायला मावशी रोज सकाळी येतात, किल्ली त्यांच्याकडे आहे.

शिसपेन्सिल:
झालं! मावशी बाथरूममधून बादली भरत असतील.

कारकून:
असू शकेल. माझा वरचा "पहिला संशय कमजोर" तेवढा मागे घ्यावा लागेल. मावशींना शुक्रवारी बाथरूम वापरू नका म्हणावं, आणि मेलमध्ये "बाहेरगावी आहेत" पुढे "झाडांना पाणी घालायला सकाळी बाई येतात" हेही लिहा. आपल्या बाजूने झुकणारं तेवढंच ठेवलं तर प्लंबर चुकीची भिंत फोडेल.

गळकं छत:
आणि मेंटेनन्सचं वाक्य? ते मला हवंय.

कारकून:
नको. त्याचं उत्तर देण्यात त्यांचा अख्खा मेल जाईल.

पेठी:
हवंच. एक ओळ. नाहीतर यांना वाटतं आपण उपकार मागतोय. आणि ७०२ ला व पूर्ण कमिटीला सीसी करा.

माजी सचिव:
७०२ ला करा, त्यांच्या घराचा उल्लेख आहे. पूर्ण कमिटीला नको, पाच जणांना गेलेल्या मेलवर पाचही जण दुसऱ्याची वाट बघतात. अध्यक्षांना मात्र करा.

पेठी:
अध्यक्ष सेक्रेटरींचे मेहुणे असले तर?

गळकं छत:
भाऊ आहेत. मेंटेनन्सची ओळ काढून, ७०२ ला आणि खजिनदारांना सीसी करून आत्ता पाठवला. ग्रुपवर फक्त "मेल केला आहे, उत्तर उद्या, गुरुवारी १२ तारखेला दुपारी २ पर्यंत अपेक्षित" एवढंच टाकलं.

पेठी:
ती ओळ काढायला नको होती.