आयईएलटीएस लेखन, टास्क १ : रेषालेखातले चढउतार लिहिताना ‘बाय’, ‘टू’ आणि ‘ॲट’ यांची गल्लत होते, सल्ला हवा आहे

अक्षरगंध

मी ॲकॅडेमिक प्रकारच्या आयईएलटीएस परीक्षेची तयारी करत आहे. टास्क १ मध्ये आलेखाचे वर्णन किमान १५० शब्दांत लिहायचे असते आणि त्यासाठी साधारण वीस मिनिटे द्यावीत असे सुचवलेले असते. वेळ मला पुरतो, आकडेही नीट वाचता येतात, परंतु वाक्य लिहायला घेतले की क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन यावे याबद्दल खात्री वाटत नाही. सरावासाठी घेतलेल्या एका रेषालेखात दोन संग्रहालयांना भेट देणाऱ्यांची वार्षिक संख्या दिली आहे. विज्ञान संग्रहालयाची संख्या २००५ मध्ये २० हजार, २०१० मध्ये ५० हजार, २०१५ मध्येही ५० हजार आणि २०२० मध्ये ३५ हजार अशी आहे. कला संग्रहालयाची संख्या त्याच वर्षांत ६०, ५८, ५५ आणि ५२ हजार अशी उतरत गेली आहे. पहिल्या रेषेबद्दल मी असे लिहिले :

“सायन्स म्युझियम इन्क्रीझ्ड ड्रामॅटिकली टू थर्टी थाउजंड अँड रीच्ड टू फिफ्टी थाउजंड इन २०१०. देन इट वॉज स्टेबल. आफ्टर दॅट इट डिक्रीझ्ड फ्रॉम फिफ्टीन थाउजंड.”

यात नेमके काय चुकते आहे, आणि क्रियापदे व क्रियाविशेषणे निवडण्याची एखादी भरवशाची पद्धत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चढती रेघ

तुमची मुख्य अडचण शब्दसंग्रहाची आहे असे मला वाटते. ‘इन्क्रीझ’ आणि ‘डिक्रीझ’ हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ‘सोअर्ड’, ‘स्कायरॉकेटेड’, ‘प्लमेटेड’, ‘सर्ज्ड’ असे शब्द पाठ करावेत आणि एकही क्रियापद दुसऱ्यांदा येऊ देऊ नये. शब्दसंपत्तीला स्वतंत्र गुण असतात. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी, ती म्हणजे बार चार्ट आला तर चढउताराची क्रियापदे मुळीच वापरायची नाहीत, तिथे केवळ तुलना करायची असते.

पहाटवारा

माझीही परीक्षा जवळ आली आहे आणि टास्क १ मध्ये मला पत्र लिहायचे आहे. मित्राला लिहायचे पत्र आणि अधिकाऱ्याला लिहायचे पत्र यांत आकडे आले, तर हीच क्रियापदे चालतील का? आलेखाचा सराव मी अद्याप सुरूच केलेला नाही, म्हणून काळजी वाटते.

उतारा

पहाटवारा, तुम्ही जनरल ट्रेनिंग प्रकार निवडला असणार. त्यात टास्क १ हे पत्रच असते, आलेख येत नाही, तेव्हा ती काळजी सोडून पत्राच्या सुरावर लक्ष द्यावे.

अक्षरगंध, मी अनेक वर्षे या लेखनाचे वर्ग घेत आलो आहे आणि तुमच्या तीन वाक्यांत जे झाले आहे ते मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीत सतत दिसते. आपल्या मनातला आकडा बरोबर असतो, परंतु तो आकडा म्हणजे बदल किती झाला हे आहे, की बदलून संख्या कुठे पोहोचली हे आहे, ते वाक्यात हरवते. तुम्ही ‘टू थर्टी थाउजंड’ लिहिले आहे, त्याचा अर्थ संख्या ३० हजारांवर जाऊन थांबली असा होतो. आलेखात मात्र ती ३० हजारांनी वाढून ५० हजारांवर गेली आहे. तुमच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ संख्या १५ हजारांपासून खाली आली असा होतो, म्हणजे ती रेषा आलेखात कुठेही नाही.

यावर एक उपाय घरचाच आहे. वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहावे. ‘३० हजारांनी’ असे आले तर ‘बाय’, ‘५० हजारांवर गेली’ असे आले तर ‘टू’, आणि ‘२० हजारांवरून’ असे आले तर ‘फ्रॉम’. म्हणून पहिले वाक्य “द नंबर ऑफ व्हिजिटर्स रोज बाय थर्टी थाउजंड, फ्रॉम ट्वेंटी थाउजंड टू फिफ्टी थाउजंड” असे होईल. तिन्ही आकडे एका वाक्यात लिहिलेच पाहिजेत असे नाही, दोन दिले की तिसरा वाचकाला कळतो.

ही युक्ती दोन ठिकाणी फसवते, तेवढी जपावी. मराठीत आपण ‘५० हजारांपर्यंत पोहोचली’ म्हणतो म्हणून ‘रीच्ड टू’ लिहिले जाते, पण ‘रीच्ड’नंतर आकडा थेट येतो, मध्ये काहीही नको. आणि संख्या एखाद्या आकड्यावर नुसती उभी असेल, हलत नसेल, तर मराठीत ‘वर’ असूनही इंग्रजीत ‘ॲट’ येतो, जसे ‘स्टूड ॲट’, ‘रिमेन्ड ॲट’, ‘पीक्ड ॲट’. तुमच्या ‘देन इट वॉज स्टेबल’ या वाक्यात हा आकडाच नाही. “इट रिमेन्ड ॲट फिफ्टी थाउजंड अंटिल २०१५” असे लिहिले की माहिती पूर्ण होते.

प्रिपोझिशनइतकीच मोठी चूक तुमच्या कर्त्यात आहे. संग्रहालय वाढलेले नाही, भेट देणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तुमच्या वाक्यातून इमारतीचाच विस्तार झाला असा अर्थ निघतो. ‘द नंबर ऑफ’, ‘द प्रपोर्शन ऑफ’, ‘द अमाउंट ऑफ’ यांपैकी योग्य ते आधी लिहावे आणि मगच क्रियापदाकडे जावे.

चढती रेघ

कर्त्याबद्दल आपण म्हणता ते पटले. परंतु शब्दसंग्रहाविषयी आपण काहीच लिहिले नाही.

उतारा

तेही लिहितो. शब्दसंपत्तीला गुण असतात हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण ते शब्द अचूक बसले तरच मिळतात. ‘प्लमेटेड’ म्हणजे संख्या एकदम आणि पुष्कळ खाली आली. कला संग्रहालयाची संख्या पंधरा वर्षांत ६० हजारांवरून ५२ हजारांवर आली, तिच्यासाठी हा शब्द वापरला तर परीक्षकाला वाटेल की लिहिणाऱ्याला आलेख वाचता आला नाही. शिवाय अशा क्रियापदांत वेग आधीच असतो, त्यामुळे ‘सोअर्ड ड्रामॅटिकली’ असे लिहून हाती काही लागत नाही. ‘रोज’, ‘फेल’, ‘ड्रॉप्ड’, ‘क्लाइम्ड’ ही चार क्रियापदे आणि त्यांच्या जोडीला नेमके क्रियाविशेषण एवढ्यावर उत्तम वर्णन होते. ‘रोज’ दोनदा आले म्हणून बिघडत नाही.

क्रियाविशेषण निवडताना स्वतःला दोन वेगळे प्रश्न विचारावेत : बदल किती मोठा आहे, आणि तो किती वेगाने झाला आहे. ‘स्लाइटली’ आणि ‘सिग्निफिकंटली’ हे शब्द आकाराबद्दल बोलतात, तर ‘ग्रॅज्युअली’, ‘स्टेडिली’ आणि ‘रॅपिडली’ हे वेगाबद्दल. ‘शार्पली’मध्ये दोन्ही येते. कला संग्रहालयाची घट लहान आहे आणि दर पाच वर्षांनी दोन-तीन हजारांनीच होत गेली आहे, म्हणून तिथे ‘स्टेडिली’ किंवा ‘ग्रॅज्युअली’ शोभते. विज्ञान संग्रहालयाची पहिली वाढ पाच वर्षांत अडीच पट आहे, तिथे ‘शार्पली’ निःशंकपणे लिहावे.

बार चार्टबद्दलचे तुमचे विधान मात्र अर्धेच खरे आहे. स्तंभ एकाच वर्षातल्या वेगवेगळ्या गटांचे असतील तर वाढ-घट नसतेच, आणि तिथे ‘रोज’ लिहिणे ही ठळक चूक ठरते. अशा वेळी ‘ट्वाइस ॲज मेनी ॲज’, ‘हायर दॅन’ अशी तुलना करायची. पण तेच स्तंभ २००५, २०१०, २०१५ असे वर्षांचे असतील तर रेषालेखातली सगळी भाषा तिथेही चालते. आलेखाचा प्रकार पाहून निर्णय घेऊ नये, आडव्या अक्षावर काळ आहे का ते पाहून घ्यावा.

काटेकोर

मी संख्याशास्त्राशी संबंधित काम करतो आणि या चर्चेत एका धोक्याची भर घालू इच्छितो. आलेखातले आकडे टक्क्यांत असतील, तर ‘बाय’ फार जपून लिहावा लागतो. समजा एखादे प्रमाण २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले आणि तुम्ही ‘रोज बाय थर्टी परसेंट’ लिहिले. काटेकोरपणे वाचणारा त्याचा अर्थ २० चे ३० टक्के, म्हणजे ६, वाढून प्रमाण २६ टक्के झाले असा घेईल. तिथे ‘बाय थर्टी पर्सेंटेज पॉइंट्स’ असेच लिहायला हवे.

दुसरे असे की उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते आधी पाहावे. कला संग्रहालयाची रेषा ५० ते ६० हजारांच्या अक्षावर काढली तर ती कड्यावरून कोसळल्यासारखी दिसेल, प्रत्यक्षात मात्र घट सुमारे १३ टक्क्यांची आहे. डोळ्यांना दिसणारा उतार पाहून ‘शार्पली’ लिहिणारे इथेच फसतात.

चढती रेघ

वर्तमानपत्रांत सर्रास ‘बाय थर्टी परसेंट’ लिहितात आणि कोणाचा गैरसमज होत नाही. परीक्षेत पर्सेंटेज पॉइंटचा इतका आग्रह धरावा का, याबद्दल मला शंका आहे.

उतारा

त्या शंकेतून एक सोपी पळवाट निघते. टक्के असतील तेव्हा ‘बाय’ टाळून ‘फ्रॉम ट्वेंटी परसेंट टू फिफ्टी परसेंट’ लिहावे, म्हणजे वाद उद्भवतच नाही. काटेकोर यांचे म्हणणे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे. गुण देताना प्रत्येक परीक्षक ते किती मनावर घेईल हे मात्र सांगता येणार नाही.

अक्षरगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरच्या सूचनांप्रमाणे मी परिच्छेद नव्याने लिहिला आहे :

“देअर वॉज अ शार्प राइज ऑफ थर्टी थाउजंड ऑफ द नंबर ऑफ व्हिजिटर्स टू द सायन्स म्युझियम बिट्वीन २००५ अँड २०१०. द फिगर रिमेन्ड ॲट फिफ्टी थाउजंड अंटिल २०१५, बिफोर फॉलिंग शार्पली टू थर्टी-फाइव्ह थाउजंड इन २०२०. बाय कॉन्ट्रास्ट, द नंबर फॉर द आर्ट म्युझियम फेल स्टेडिली फ्रॉम सिक्स्टी थाउजंड टू फिफ्टी-टू थाउजंड.”

उतारा

फार चांगले झाले आहे. पहिल्या वाक्यात तुम्ही क्रियापदाऐवजी नाम घेतले, तेही योग्य आहे, पण नाम आले की प्रिपोझिशन बदलते. ‘राइज ऑफ’नंतर बदलाचा आकडा येतो आणि ज्यात बदल झाला ती गोष्ट ‘इन’ने जोडली जाते : “अ शार्प राइज ऑफ थर्टी थाउजंड इन द नंबर ऑफ व्हिजिटर्स”. ‘राइज’सोबत ‘शार्पली’ न लिहिता ‘शार्प’ लिहिलेत, हे बरोबर ओळखलेत.

मात्र हा परिच्छेद तपशिलाचा आहे. त्याच्या आधी किंवा शेवटी ओव्हरव्ह्यू हवाच, कारण तो स्पष्ट नसेल तर टास्क अचीव्हमेंटचे गुण अडतात. इथे त्यात सांगण्यासारखे असे की कला संग्रहालयाची संख्या सर्व वर्षांत जास्तच राहिली, परंतु ४० हजारांचा फरक २०१५ पर्यंत ५ हजारांवर आला आणि नंतर पुन्हा वाढला. आकडे तिथे लिहू नयेत, फक्त “द गॅप नॅरोड कन्सिडरेब्ली बिफोर वायडनिंग अगेन” एवढे पुरे.

काटेकोर

५० वरून ३५ ही ३० टक्क्यांची घट आहे. तिला ‘शार्पली’ म्हणावे का? पहिल्या वाढीलाही तोच शब्द दिलेला आहे आणि ती नुसत्या संख्येतही याच्या दुप्पट आहे. मी ‘नोटिसेब्ली’ लिहिले असते.

उतारा

मी ‘शार्पली’ कापणार नाही, कारण पाच वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश लोक कमी झाले आहेत. पण दोन्ही बदलांतला फरक वाचकाला दिसावा असे अक्षरगंध यांना वाटत असेल, तर तुमचा शब्दही तितकाच योग्य ठरेल.